संचालकाच्या पत्नीची शेड कंपनीने भाड्याने घ्यायची असेल तर

प्रश्न: आमची भोसरीत प्रेस पार्ट्सची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. संचालक तिघं आणि भागधारकही तेच तिघं. माझे ४० टक्के, मित्राचे ३५, आणि सुरुवातीला पैसे घातलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांचे २५ टक्के. गेल्या वर्षीची उलाढाल ९ कोटी. आता महाळुंग्याच्या बाजूला जागा हवी आहे आणि तिथेच माझ्या पत्नीच्या नावावर १२ हजार चौरस फुटांची शेड आहे. भाडं महिना ३० रुपये फूट, मुदत पाच वर्षं असं डोक्यात आहे. थेट पत्नीशी करार करू, की शेड मेहुण्याच्या फर्मकडे देऊन त्या फर्मशी करू, की मी आधी राजीनामा देऊ, की आत्ता सही करून मंजुरी नंतर घेऊ? कायद्याने काय चालेल?

उत्तर:

थेट पत्नीशी करार करा. चारांपैकी तोच मार्ग टिकणारा आहे. मात्र शेड हवी का, कोणती हवी आणि किती भाड्याने, हे कंपनीच्या बाजूने तुम्ही ठरवू नका. बाकीचे दोघं ठरवतील. तुम्ही विचारलेल्या चारही मार्गांना मी एकच कसोटी लावतो: निर्णयाच्या वेळी फक्त कंपनीचं हित पाहणारं कोणी तिथे होतं का?

कंपनी कायदा २०१३ मध्ये हा विषय दोन थरांत येतो आणि गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो. वरचा थर कार्यपद्धतीचा. कलम १८८ सांगतं की संबंधित पक्षाशी जागेचा, मालाचा किंवा सेवेचा व्यवहार करायचा तर बोर्डाची आणि ठराविक रकमेपुढे भागधारकांची मंजुरी हवी. खालचा थर कर्तव्याचा. कलम १६६ संचालकाला सांगतं की प्रामाणिकपणे कंपनीच्या हितासाठी वाग, निर्णय स्वतःच्या स्वतंत्र बुद्धीने घे, ज्या परिस्थितीत तुझं हित कंपनीच्या हिताशी टक्कर घेईल किंवा घेऊ शकेल तिथे स्वतःला अडकवू नकोस, आणि स्वतःसाठी, नातेवाइकांसाठी, भागीदारांसाठी वा सहकाऱ्यांसाठी अवाजवी लाभ घेऊ नकोस. असा लाभ घेतल्याचं सिद्ध झालं तर तेवढी रक्कम कंपनीला भरून द्यावी लागते, आणि १ ते ५ लाखांचा दंड वेगळा. वरच्या थरातून एखादा व्यवहार सुटला म्हणजे खालच्या थरातूनही सुटला, असं होत नाही. हे लक्षात ठेवून एकेक मार्ग पाहू.

सुरुवात मेहुण्याच्या फर्मपासून करतो, कारण ‘कागदावर हे बसतं’ असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असणार. कागदावर ते बसतंही. कायद्यातल्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य येतात. पत्नीचा भाऊ त्यात नाही. त्याच्या फर्ममध्ये कंपनीचा कोणी संचालक किंवा त्याचा नातेवाईक भागीदार नसेल तर ती फर्म ‘संबंधित पक्ष’ ठरत नाही, आणि कलम १८८ खाली मंजुरी लागत नाही.

पण कलम १६६ ही यादी पाहत बसत नाही. त्यात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध’ असे शब्द आहेत. शेड कालपर्यंत पत्नीची होती, आज मेहुण्याच्या फर्मकडे गेली आणि भाडं फिरून घरीच येतं, तर हितसंबंध तुमचाच राहिला. ही गोष्ट उघडी पडायला फार शोध घ्यावा लागत नाही. महावितरणचं बिल पत्नीच्या नावावर राहिलेलं असतं, कराची पावती जुन्याच नावाने फाटते, फर्मच्या बँक खात्यातून दर महिन्याच्या सात-आठ तारखेला जवळपास भाड्याएवढीच रक्कम तिच्या खात्यात जाते. भागधारकांत बेबनाव झाला की समोरच्याचा वकील पहिल्यांदा हेच कागद मागतो.

मला यात सर्वांत जास्त काळजी लपवण्याची वाटते. कलम ४४७ मध्ये फसवणुकीची जी व्याख्या आहे, तिच्यात अवाजवी लाभ मिळवण्याच्या हेतूने वस्तुस्थिती दडवणं आणि पदाचा गैरवापर करणं, दोन्ही येतात. कंपनीचं नुकसान झालंच पाहिजे अशी अटही नाही. रक्कम १० लाख किंवा उलाढालीच्या एक टक्का, यातल्या कमी आकड्यापर्यंत पोहोचली की शिक्षा सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत जाते. तुमच्याकडे एक टक्का म्हणजे ९ लाख. थेट केलं असतं तर जास्तीत जास्त भाड्याच्या दरावर वाद झाला असता, तो मधे फर्म घातल्यामुळे फौजदारीच्या दारात जाऊन उभा राहतो. हा मार्ग पूर्ण सोडा. (शेड खरोखरच मेहुण्याची असती, त्याने स्वतःच्या पैशाने बांधलेली, तर गोष्ट निराळी. तरीही बोर्डाला नातं आधी सांगा, असंच मी म्हटलं असतं.)

राजीनाम्याचं बघू. संचालक नसाल तर पत्नी ‘संचालकाची नातेवाईक’ उरत नाही, हा त्यामागचा हिशेब. पण संबंधित पक्षाच्या व्याख्येत अशीही व्यक्ती येते जिच्या सल्ल्याने किंवा सूचनेने कंपनीचा संचालक वा व्यवस्थापक वागत असतो. ४० टक्के भाग तुमचे, कारखाना तुम्ही चालवता, ग्राहक तुम्हाला ओळखतात. राजीनाम्यानंतरही माल कधी निघणार आणि मशीन कुठे बसणार हे तुमच्याच फोनवर ठरत असेल, तर तुम्ही कागदावरून उतरलात, एवढंच झालं.

शिवाय पदावर असताना कळलेली गोष्ट घेऊन बाहेर पडणं हेच कर्तव्यभंगाचं जुनं उदाहरण आहे. १९७२ च्या इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कन्सल्टंट्स विरुद्ध कूली या इंग्लिश खटल्यात व्यवस्थापकीय संचालकाने आजारपणाचं कारण पुढे करून नोकरी सोडली आणि कंपनीला हवं असलेलं काम स्वतः घेतलं. कंपनीला ते काम मिळण्याची शक्यता फार कमी होती, तरीही कोर्टाने त्याला मिळालेला सगळा नफा कंपनीला द्यायला लावला. इंग्लिश निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसतात, पण संचालकाचं विश्वस्ताचं नातं आपल्याकडे याच परंपरेतून आलं आहे. कंपनीला महाळुंग्यात जागा हवी आहे हे तुम्हाला संचालक म्हणूनच कळलं आहे. तीन महिन्यांनी पुन्हा बोर्डावर यायचं ठरवून दिलेल्या राजीनाम्याचा अर्थ तुमचा ज्येष्ठ भागधारकही लगेच लावेल.

आता ‘आधी सही, मग मंजुरी’. कलम १८८ मध्ये तीन महिन्यांची सवलत आहे हे खरं. मंजुरीशिवाय झालेल्या कराराला तीन महिन्यांत बोर्डाने किंवा, लागू असेल तिथे, भागधारकांनी मान्यता दिली नाही तर तो करार त्यांच्या मर्जीवर रद्द होऊ शकतो, आणि करार संचालकाच्या संबंधिताशी असेल तर कंपनीला झालेलं नुकसान त्या संचालकाने भरून द्यायचं. शिवाय नियम मोडून करार करणाऱ्या वा त्याला मंजुरी देणाऱ्या संचालकाला, कंपनी लिस्टेड नसली तरी, ५ लाखांचा दंड आहे. ही सवलत चुकून राहिलेल्या मंजुरीसाठी आहे. तुमच्यासारख्याने ती ठरवून वापरली तर चित्र वाईट होतं. मशीन हलवून झाली, वायरिंग झालं, डिपॉझिट दिलं, आणि मग दोन सहकाऱ्यांसमोर ठराव ठेवला, तर त्यांच्याकडे नाही म्हणायला जागा कुठे उरली? मान्यता मिळेलही, पण ती स्वतंत्र बुद्धीने दिली होती असं पुढे कोणाला पटवून देणं अवघड जाईल.

भागधारकांच्या मान्यतेलाही एक मर्यादा आहे. १९१६ च्या कुक विरुद्ध डीक्स या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालात संचालकांनी कंपनीचं कंत्राट स्वतःकडे वळवलं आणि मग स्वतःच्याच बहुमताने त्याला मान्यता देणारा ठराव केला. तो चालला नाही. कंपनीच्या हक्काची गोष्ट बहुमतवाल्यांनी स्वतःलाच देऊन टाकायची, हे ठरावाने शुद्ध होत नाही.

उरतो पहिला मार्ग, आणि खरं काम त्यातच आहे.

पत्नी ही नातेवाईक, म्हणून संबंधित पक्ष, म्हणून कलम १८८ थेट लागू. कोणी म्हणेल की आपण लिव्ह अँड लायसन्स करतोय, ते भाडेपट्ट्यात मोडत नाही. कोणी म्हणेल की हा रोजच्या व्यवसायातला, बाजारभावाचा व्यवहार आहे, आणि तशा व्यवहाराला कलम सूट देतं. मी या दोन्हींवर विसंबणार नाही. पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीने पाच वर्षांसाठी नवी जागा घेणं हा रोजचा व्यवहार आहे, हे पटवायला कष्ट पडतील, आणि सूट मिळाली तरी कलम १६६ तसंच राहतं.

मंजुरी कोणाची? जागेच्या भाड्यासाठी मर्यादा गेल्या वर्षीच्या लेखापरीक्षित उलाढालीच्या १० टक्के आहे. तुमच्याकडे ती ९० लाख. तुमच्या दराने महिना ३ लाख ६० हजार, वर्षाला ४३ लाख २० हजार. वर्षाचा आकडा धरला तर बोर्डाचा ठराव पुरतो. पण पाच वर्षांच्या कराराचं पूर्ण मूल्य धरलं तर ते २ कोटी १६ लाख होतं आणि भागधारकांची आधीची मंजुरी लागते. दोन्ही वाचनं मी ऐकली आहेत. विशेषतः लॉक-इन असेल, म्हणजे कंपनीला मधे सोडताच येत नसेल, तर मी दुसऱ्या वाचनाकडे झुकतो. तुम्ही तिघंच भागधारक आहात, सभा बोलावणं जड नाही, म्हणून दोन्ही मंजुऱ्या घ्या. प्रायव्हेट कंपनीत संबंधित भागधारकाला या ठरावावर मत देण्याची मुभा आहे, मात्र कंपनीने वार्षिक विवरणपत्रं आणि ताळेबंद वेळेवर भरलेले असावेत. मुभा असली तरी तुम्ही मत देऊ नका. बाकी दोघांचे मिळून ६० टक्के आहेत, तुमच्या मताशिवाय ठराव होतो.

बोर्डाची मिटिंग हा नाजूक भाग. पहिली गोष्ट, ठराव प्रत्यक्ष मिटिंगमध्येच व्हायला हवा. ईमेलवर फिरवून सही घेतलेला सर्क्युलर ठराव इथे चालत नाही, आणि छोट्या कंपन्यांत नेमकं तेच केलेलं आढळतं. दुसरी, अजेंड्यात संबंधित पक्षाचं नाव, नातं, कराराचं स्वरूप आणि मुदत, मुख्य अटी आणि रक्कम, आगाऊ दिलेले पैसे आणि भाव कसा ठरवला, हे सगळं लिहावं लागतं. ‘जागेबाबत चर्चा’ एवढी ओळ पुरत नाही. तिसरी, तुम्ही त्या विषयाला खोलीत असू नये.

या तिसऱ्या गोष्टीवर वाद होतो. २०१५ च्या अधिसूचनेने प्रायव्हेट कंपनीतल्या हितसंबंधी संचालकाला हितसंबंध सांगून चर्चेत भाग घ्यायची मुभा दिली आहे, हे बरोबर आहे. पण ती मुभा कलम १८४ पुरती. कलम १८४ चं ते पोटकलम मुळात संचालकाची गुंतवणूक वा भागीदारी असलेल्या कंपन्या-फर्मबद्दल बोलतं. पत्नी व्यक्ती म्हणून त्यात सरळ बसत नाही, ती येते कलम १८८ मधून. आणि कलम १८८ च्या जोडीचा नियम १५ सांगतो की संबंधित पक्षाच्या करारात हितसंबंध असलेल्या संचालकाने त्या चर्चेला हजर राहू नये. म्हणून बाहेर जा आणि मिनिट्समध्ये ते दिसू द्या. मी साधारण असं लिहितो:

‘विषय क्र. ५ घेण्यापूर्वी श्री. … यांनी सांगितले की प्रस्तावित जागेच्या मालक त्यांच्या पत्नी आहेत. त्यांनी त्याबाबतचे लेखी निवेदन अध्यक्षांकडे दिले आणि ते सकाळी ११.४० वाजता बैठकीतून बाहेर गेले. उर्वरित दोन संचालकांनी सोबत जोडलेले तीन दरपत्रक व नोंदणीकृत करारांचे उतारे पाहून चर्चा केली.’

तुम्ही बाहेर गेल्यावर कोरम पाहा. तीन संचालकांच्या बोर्डाला किमान दोन लागतात. म्हणजे मित्र आणि ज्येष्ठ गृहस्थ दोघंही हजर हवेत. एक जण गैरहजर असेल तर त्या दिवशी तो विषय घेऊच नका.

आता भाव. सगळे सोपस्कार नीट होऊनही व्यवहार इथे बिघडतो. ३० रुपये तुम्ही ठरवलेत, कंपनीने नाही. मित्राला सांगा की त्याने स्वतः, तुम्हाला मधे न घेता, त्याच भागातल्या दोन-तीन शेडचे दर काढावेत. नुसत्या एजंटच्या तोंडी आकड्यावर थांबू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्या गावच्या नोंदलेल्या करारांची सूची क्रमांक दोन पाहता येते, तिच्यावर हातचा आकडा तपासता येतो. तुलना करताना उंची, क्रेनची सोय, मंजूर वीजभार आणि कंटेनर आत येईल का, हेही बघायचं, कारण १२ हजार फुटांच्या दोन शेड सारख्या नसतात.

समजा खरा दर २४ रुपये निघाला. मग भाडं २ लाख ८८ हजार होतं आणि तुमच्या आकड्यात महिना ७२ हजार जास्तीचे आहेत. वर्षाला ८ लाख ६४ हजार, पाच वर्षांत ४३ लाख २० हजार, म्हणजे तुमच्या दराचं पूर्ण एक वर्षाचं भाडं. उद्या वाद झाला तर अवाजवी लाभ म्हणून हीच रक्कम परत मागितली जाईल. २५ टक्के असलेल्या भागधारकाला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अन्याय व गैरव्यवस्थापनाचा अर्ज करता येतो, त्यासाठी १० टक्के भाग पुरतात. उलट ३० रुपयांचं कारण खरंच असेल, समजा पाच टनाची क्रेन तयार आहे आणि दुसऱ्या शेडमध्ये ती कंपनीला बसवावी लागली असती, तर तो खर्च आकड्यात मांडून मिनिट्ससोबत जोडा. जास्त भाडं म्हणजे गैरव्यवहार असं नाही. कारण न लिहिलेलं जास्त भाडं मात्र बचावात उभं राहत नाही.

भावाइतकाच प्रश्न गरजेचाही आहे. उत्पादन तुम्ही पाहता, म्हणजे ‘जागा कमी पडते’ हे सांगणारेही तुम्हीच. १२ हजार फूट कशाला लागतात, ८ हजारांत भागत नाही का, हे मित्राने स्वतः मशीनचा लेआउट समोर ठेवून तपासायला हवं.

डिपॉझिटकडेही लक्ष द्या. त्या भागात इतरांकडून घेतात तेवढंच ठेवा. भाडं बाजारभावाने आणि डिपॉझिट मात्र दोन वर्षांचं असं केलं, तर कंपनीने संचालकाच्या नातेवाइकाला बिनव्याजी कर्ज दिलं असा अर्थ निघतो आणि कलम १८५ आड येऊ शकतं. प्लॉट एमआयडीसीचा असेल तर पोटभाड्याची परवानगी आधी घ्या. ती न घेता केलेल्या कराराचा फटका कंपनीला बसेल आणि बोट पुन्हा तुमच्याकडेच वळेल.

करार झाला की एमबीपी-४ नोंदवहीत नोंद, संचालकांच्या अहवालासोबत एओसी-२ मध्ये माहिती आणि ताळेबंदात संबंधित पक्षाच्या व्यवहारांची टीप, ही कामं तुमचे सीएस आणि सीए करतील. जीएसटी आणि टीडीएसही त्यांच्यावर सोपवा.

कराराच्या मसुद्यात मात्र मी स्वतः दोन गोष्टी आग्रहाने घालेन. एक, लॉक-इन फक्त मालकावर असावं. कंपनीला तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता यावं. दुसरी, छप्पर गळणं, भाडेवाढ, नूतनीकरण, थकबाकी, या सगळ्यांत कंपनीच्या बाजूने पत्रव्यवहार आणि सही तुमच्या मित्राची असेल, असं ठरावातच लिहून टाकावं. हितसंबंधाचा प्रश्न मंजुरीच्या दिवशी मिटत नाही. पावसाळ्यात पत्रे गळले आणि प्रेसवर पाणी आलं, तर दुरुस्तीचा खर्च मालकिणीचा की कंपनीचा हे ठरवायला कोणीतरी लागतं, आणि ती व्यक्ती तुम्ही असू शकत नाही.

तोपर्यंत शेडमध्ये एकही मशीन हलवू नका आणि टोकन म्हणूनही पत्नीच्या खात्यात काही भरू नका. मित्राने काढलेले दर हातात आले की सात दिवसांची नोटीस देऊन बोर्डाची मिटिंग लावा.